बाळंतिणीचे पोट आणि पाहुण्यांचे शेरे

आपल्याकडे बाळंतीण पाहायला जाण्याची रीत फार जुनी आहे. बाळंतविडा घेऊन बायका येतात, कुंची-टोपडे बाळाच्या उशाशी ठेवतात, बाळ कोणावर गेले याची चर्चा होते आणि मग नजर हळूच बाळाच्या आईकडे वळते. ती नजर तिच्या चेहऱ्यावर फार वेळ थांबत नाही, पोटावर येऊन थांबते. त्यानंतर जे बोलले जाते त्याला कोणी टीका म्हणत नाही. ती काळजी असते, चौकशी असते, कधी थट्टा असते. परंतु ऐकणारीच्या मनात ते शब्द महिनोन् महिने राहतात, आणि पुष्कळदा तिच्या जेवणाच्या ताटापर्यंत जाऊन पोहोचतात.

समाजशास्त्राच्या तृतीय वर्षात आम्हाला कुटुंबातील एखाद्या रूढीचे निरीक्षण करून टिपण लिहावयाचे होते. त्याच सुमारास माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मी तिच्या परवानगीने एक वही केली आणि सव्वा महिन्यात तिच्या शरीराविषयी जे जे बोलले गेले ते, कोण बोलले आणि कोणासमोर बोलले, यासह उतरून ठेवले. प्रस्तुत लेख त्या वहीवर आधारलेला आहे. मात्र शेऱ्यांचा विचार करण्याआधी ज्या पोटाविषयी ते केले जातात त्या पोटात नेमके काय घडत असते हे पाहणे आवश्यक आहे. कारण शेरा खरा की खोटा हे ठरविण्याचे दुसरे साधन नाही.

पोट का दिसते?

सर्वसाधारण समजूत अशी, की बाळ बाहेर आले म्हणजे पोट आत जावयास हवे; न गेल्यास ती बाळंतिणीची किंवा तिची सेवा करणाऱ्यांची हयगय. वस्तुस्थिती निराळी आहे.

बाळ आणि वार बाहेर पडल्यानंतर गर्भाशय बेंबीच्या आसपास लागते आणि त्याचे वजन सुमारे 1 किलो असते. तेथून ते दिवसाला साधारण एक बोट या गतीने खाली उतरते. आठवड्याने त्याचे वजन जवळजवळ निम्मे होते. सुमारे दोन आठवड्यांत ते ओटीपोटाच्या हाडामागे जाते आणि वरून हाताला लागेनासे होते. सहा आठवड्यांच्या सुमारास ते मूळच्या आकाराजवळ, म्हणजे 60-70 ग्रॅमवर येते. हे आकुंचन गर्भाशयाचे स्नायू स्वतःच्या बळावर करीत असतात. बाळ अंगावर पिऊ लागले की त्याला जोर मिळतो. दूध पाजताना पहिले काही दिवस ओटीपोटात कळ येते ती याचमुळे. बाहेरून बांधलेल्या पट्ट्याचा या कामाशी संबंध नाही.

मग बाराव्या-पंधराव्या दिवशी, गर्भाशय खाली गेल्यावरही, पोट पुढे का दिसते? याचे उत्तर पोटाच्या भिंतीत आहे. छातीच्या पिंजऱ्यापासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात आणि मधोमध त्यांना जोडणारी चिवट पट्टी असते. गर्भ वाढतो तशी ही पट्टी ताणून रुंद होते आणि दोन्ही पट्टे एकमेकांपासून दूर सरकतात. नवव्या महिन्यात हे जवळजवळ प्रत्येकीच्या बाबतीत घडते. प्रसूतीनंतर पट्टे पुन्हा जवळ येऊ लागतात. त्यातील बरीचशी सुधारणा पहिल्या आठ आठवड्यांत होते, पण काहींच्या बाबतीत फट वर्षभरानेही पूर्ण मिटत नाही. म्हणजे बारशाच्या दिवशी दिसणारे पोट ही बहुतांशी चरबी नसते; ताणलेली, अजून सैल असलेली भिंत असते. उपाशी राहून ही भिंत घट्ट होत नाही. किंबहुना स्नायू भरून येण्यास अन्न, त्यातही डाळी, दूध, अंडी यांसारखे प्रथिनयुक्त अन्न लागते.

आता वजनाचा हिशेब. माझ्या बहिणीचाच घेते, कारण तो आम्ही प्रत्यक्ष मांडला. गरोदरपणापूर्वी तिचे वजन 52 किलो होते, नवव्या महिन्याअखेर 63 झाले. म्हणजे वाढ 11 किलो. बाळ 2 किलो 800 ग्रॅमचे. वार, गर्भजल व रक्त मिळून आणखी सुमारे 2 किलो गेले. पुढील दहा-बारा दिवसांत अंगात साठलेले पाणी घाम व लघवीवाटे निघून गेले आणि गर्भाशय आकसले, त्यात आणखी अडीच किलो कमी झाले. बारशाच्या दिवशी काटा 56 किलोच्या जरा खालीच होता. म्हणजे अकरांपैकी सातांहून अधिक किलो बारा दिवसांत उतरले होते. उरलेले चार किलो म्हणजे दुधामुळे जड झालेले स्तन, वाढलेले रक्त आणि मांड्या-कंबरेवरील चरबी. ही चरबी शरीराने हेतुपूर्वक साठविलेली असते. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला दररोज सुमारे 600 कॅलरी अधिक लागतात असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे 2020 चे मार्गदर्शन सांगते. त्यातील काही भाग ताटातून येतो आणि काही या शिधेतून. वजन हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने उतरते ते असे.

हा हिशेब बारशाला आलेल्या कोणाही पाहुणीजवळ नव्हता. त्यांच्यापुढे होती फक्त साडीतून दिसणारी आकृती.

बारशाचा दिवस

वहीतील त्या दिवशीची पाने सर्वांत भरलेली आहेत. दुपारी चार ते सहा या वेळात जे बोलले गेले त्यातील काही नोंदी देते.

बाबांच्या चुलत बहीण, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्या आईकडे पाहून म्हणाल्या, “पोट अजून सातव्या महिन्यासारखं दिसतंय गं हिचं. पट्टा बांधला नाही वाटतं?” त्यानंतर अर्ध्या तासाने शेजारच्या काकू ताईचे मनगट धरून म्हणाल्या, “किती वाळलीस! अशानं दूध कसं पुरायचं बाळाला?” ताईच्या सासरकडील एक नातलग बाई म्हणाल्या, “आमच्या धाकटीचं तर महिन्यात पोट सपाट. बांध्यावर असतं म्हणा.” आणि तिच्या वयाच्या एका मैत्रिणीने मोबाइलवर एका नटीचे बाळंतपणानंतरचे छायाचित्र दाखवून म्हटले, “बघ, हिला ओळखू येतं का मूल झालंय म्हणून?”

या चार वाक्यांत दोन परस्परविरुद्ध मागण्या आहेत. बाळासाठी तिने भरलेली असावे आणि पाहणाऱ्यांसाठी तिने सडपातळ असावे. एकाच देहाने एकाच दुपारी या दोन्ही पुऱ्या करणे अशक्य आहे. म्हणून ती काहीही करो, कोणाच्या तरी दृष्टीने ती चुकतेच. ही गोष्ट कागदावर शेजारी शेजारी लिहिल्यावर दिसते. ऐकताना दिसत नाही, कारण प्रत्येक शेरा एकेकटा येतो आणि एकेकटा खरा वाटतो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आत्यांचे वाक्य ताईविषयी होते, पण बोलले गेले आईला. पहिले बाळंतपण माहेरचे, आणि बाळंतीण कशी दिसते यावरून माहेरची सेवा मोजली जाते. मालीश झाली का, शेक दिला का, डिंकाचे व अळिवाचे लाडू केले का, पट्टा बांधला का, या सर्वांची परीक्षा बाळंतिणीच्या अंगावर होते. म्हणजे ताईचे पोट हे आईचे प्रगतिपुस्तक ठरले होते. साहजिकच त्या रात्री आईने जुन्या नऊवारीची दोन हात रुंद पट्टी फाडली आणि ताईच्या पोटावर करकचून बांधली. आईला ताईचे पोट कधीच खटकले नव्हते. तिला लोकांचे बोल खटकले.

शेऱ्याचा परिणाम

पुढील दहा दिवसांत जे घडले ते कोणी सांगितले नाही, ते वहीतील नोंदींवरून मागाहून ध्यानात आले. ताईने लाडू खाणे थांबविले; “तुपानं पोट सुटतं,” असे ती म्हणे. रात्रीच्या दोन भाकऱ्यांची एक झाली, मग अर्धी. पट्टा ती दिवसा आणि रात्रीही सोडीना. तिसऱ्या आठवड्यात उठताना तिला भोवळ येऊ लागली, शौचास कडक होऊ लागले आणि शिंकताना वा खोकताना लघवीचे दोन थेंब जाऊ लागले. हे शेवटचे तिने लाजेने कोणाला सांगितले नाही.

ते बाहेर आले आशाताईंमुळे. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यावे अशी योजना देशभर 2011 पासून आहे. गावातील स्त्रीला शिकवून नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत केला, त्याचा या योजनेमागे मोठा वाटा आहे. आमच्या आशाताई एकविसाव्या दिवशी आल्या, त्यांनी बाळाला झोळीच्या काट्यावर तोलले आणि मग ताईला विचारले, “तू काय जेवतेस ते सांग, सकाळपासून.” एवढ्या दिवसांत हा प्रश्न प्रथमच विचारला गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सांगण्यावरून आई ताईला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली.

तेथील डॉक्टर बाईंनी तीन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली पट्ट्याची. पट्टा कंबरेला आधार देतो, उठताबसताना बरे वाटते, म्हणून दिवसा काही वेळ बेताचा बांधण्यास हरकत नाही. पण त्याने पोट आत जात नाही. करकचून बांधला तर पोटातील दाब खाली जातो, आणि बाळंतपणात आधीच ताणलेल्या, मूत्राशयाला खालून झेलणाऱ्या स्नायूंवर त्याचा भार पडतो. तळहात सहज आत सरकला पाहिजे आणि श्वास पोटापर्यंत गेला पाहिजे, इतपतच तो असावा. दुसरी गोष्ट जेवणाची. आई कमी जेवली म्हणून दूध लगेच आटत नाही. शरीर आईच्या साठ्यातून काढून बाळाला देते. म्हणूनच बाळ बरे दिसते आणि आई खंगत जाते, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. तिने पूर्वीपेक्षा एक जेवण अधिक घ्यावे, दूध पाजताना शेजारी पाण्याचा तांब्या ठेवावा आणि लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने चालू ठेवाव्यात. तिसरी गोष्ट व्यायामाची. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून काही क्षण धरणे व सोडणे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. उताणे निजून गुडघे उभे करून श्वास सोडताना बेंबी सावकाश आत ओढणे. पोट कमी करण्यासाठी निजून एकदम धड उचलण्याचे जे व्यायाम मुली करतात ते मात्र फट मिटेपर्यंत करावयाचे नाहीत, कारण त्याने मधली पट्टी अधिक ताणते.

फट पाहण्याची रीतही त्यांनी दाखविली. उताणे निजावे, गुडघे वाकवावेत, बेंबीच्या जरा वर बोटे आडवी ठेवावीत आणि मान व खांदे किंचित उचलावेत. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतात. मध्ये किती बोटे मावतात ते पाहावे. आठ आठवड्यांनंतरही दोन बोटांहून अधिक फट राहिली, वा उचलताना मधोमध उंचवटा येत असेल, तर भौतिकोपचार तज्ज्ञांना दाखवावे. ताईची फट तेव्हा तीन बोटे होती. अडीच महिन्यांनी ती दीड झाली, आणि शिंकतानाचा त्रास त्याच्याही आधी थांबला. पोट मात्र तेव्हाही पूर्वीसारखे सपाट नव्हते, आणि ते तसे नसणे हा आजार नाही, हेही तिला कळले होते.

कोणत्या शेऱ्याला काय उत्तर?

आता मुख्य प्रश्न. शेरे करणारी माणसे बहुधा वडीलधारी असतात. त्यांना फटकन उत्तर देणे आपल्या घरांत बसत नाही, आणि दिले तर पोटाचा विषय बाजूला राहून तिच्या उद्धटपणाचा सुरू होतो. हसून साजरे करणेही फारसे उपयोगी पडत नाही. वहीवरून दिसते, की ताई ज्या थट्टेवर हसली ती थट्टा पुढच्या वेळी पुन्हा झाली. लांबलचक खुलासा केला तर वाद वाढतो, कारण प्रत्येकीजवळ स्वतःच्या बाळंतपणाचा दाखला असतो. मग उरते काय? डॉक्टर बाई, आशाताई, आई आणि ताई यांच्या बोलण्यातून जे निघाले आणि पुढील आठवड्यांत जे चालले, ते सांगते.

पहिली पायरी, शेरा कोणासाठी आहे हे ओळखणे. माझ्या वहीतील बहुतेक वाक्ये तीन गटांत बसली. काहींत खरा प्रश्न दडलेला असतो, जसे दूध पुरते का. काही शेरे दुसऱ्याच कोणासाठी असतात, जसा आत्यांचा आईसाठी. आणि काही केवळ बोलायला काही हवे म्हणून असतात. तिन्हींना एकच उत्तर लागू पडत नाही.

खऱ्या प्रश्नाला मोजमापाने उत्तर द्यावे. “दूध पुरत नाही” हा शेरा सर्वांत अधिक घाबरवितो, आणि त्याच्या पोटी वरचे दूध सुरू केले जाते. बाळ दिवसरात्रीत सहा वा अधिक वेळा लघवी करते का, पहिल्या काही दिवसांत थोडे उतरलेले वजन दोन आठवड्यांत भरून आले का, आणि त्यानंतर ते दररोज 20 ते 30 ग्रॅमने वाढते का, हे तीन पुरावे आईच्या मनगटाच्या जाडीपेक्षा विश्वासार्ह आहेत. आमचे बाळ चौदाव्या दिवशी 2 किलो 850 ग्रॅम होते, एकविसाव्या दिवशी 3 किलो 30 आणि अठ्ठाविसाव्या दिवशी 3 किलो 230 ग्रॅम. काकू पुन्हा आल्या तेव्हा ताईने आशाताईंचे कार्ड त्यांच्या हाती दिले. काकूंनी आकडे वाचले आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांना खरोखरच बाळाची काळजी होती. मोजमापात वाढ दिसली नसती तर काकूंचा शेरा खरा ठरला असता आणि दवाखाना गाठावा लागला असता. मोजण्याचा फायदा दोन्हीकडून आहे.

दुसऱ्या प्रकारच्या शेऱ्याला बाळंतिणीने उत्तर देऊच नये. ज्याच्यासाठी तो आहे त्याने द्यावे. आरोग्य केंद्रातून आल्यावर आईचे आणि ताईचे या विषयावर बोलणे झाले. ताई म्हणाली, “आई, लोक तुला बोलतात आणि तू माझं पोट बांधतेस.” आई बराच वेळ गप्प होती. पुढच्या आठवड्यात आत्या पुन्हा आल्या, पुन्हा पट्ट्याचे विचारले. आईने शांतपणे सांगितले, “वन्सं, डॉक्टरांनी घट्ट बांधायला मनाई केलीय. त्यांचं ऐकतेय मी.” एवढेच. त्यात आत्यांचा अपमान नव्हता, त्यांच्या अनुभवाला खोटे म्हटलेले नव्हते, आणि वादाला जागाही नव्हती. आपल्या घरांत डॉक्टरांचे नाव हे थोरामोठ्यांनाही मान्य असलेले निमित्त आहे. त्याचा उपयोग करून घ्यावा. सासरकडील शेरा असेल तर हे काम नवऱ्याचे आहे. भावोजींनी त्यांच्या घरी फोनवर एकच वाक्य सांगितले, “तिचं वजन डॉक्टर बघतायत, आपण बाळाचं विचारू या.” सुनेने हेच म्हटले असते तर त्याचा अर्थ निराळा लावला गेला असता.

तिसऱ्या, म्हणजे सहज बोलण्यातील शेऱ्यासाठी एक ठरलेले छोटे वाक्य जवळ ठेवावे आणि लगेच समोरच्याला काम द्यावे. ताईचे वाक्य होते, “अजून भरून यायचंय, वेळ लागतो. जरा याला घेता का, मी पाणी पिऊन येते?” काम हाती आले, की बहुतेकींचा विषय आपोआप बदलतो. आणि बाळ मांडीवर आलेल्या बाईला पोटाकडे पाहावयास सवड राहत नाही. वाक्य आधी ठरलेले असणे महत्त्वाचे, कारण अपुऱ्या झोपेत नवे उत्तर सुचत नाही. छायाचित्रे दाखविणाऱ्या मैत्रिणीला तिने सरळ सांगितले, की असली चित्रे मला नकोत. समवयस्कांशी असे स्पष्ट बोलता येते.

याखेरीज भेटीची वेळ ठरविणे हा साधा उपाय आहे. पूर्वीची बाळंतिणीची अंधारी खोली आपण सोडली ते योग्यच झाले, पण तिच्यामुळे बाहेरच्या नजरेपासून जो आडोसा मिळत असे तोही गेला. आता तो माणसांनी द्यावयास हवा. आमच्याकडे दुपारी चार ते पाच एवढीच वेळ ठेवली आणि दार उघडण्याचे काम धाकट्या भावाकडे दिले.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळू लागतात आणि शेऱ्यांची दुसरी फेरी सुरू होते, हेही आधी ठाऊक असावे. गरोदरपणात जे केस गळावयाचे राहिलेले असतात ते तेव्हा एकदम गळतात. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत ते बहुधा पूर्ववत होतात.

जेथे हे उपाय पुरत नाहीत

वर सांगितलेले उत्तर पाहुण्यांसाठी आहे. शेरा त्याच घरात राहणाऱ्या माणसाकडून रोज येत असेल, जेवण मोजून वाढले जात असेल किंवा नवरा अंगावरून टोचून बोलत असेल, तर ते शब्दांनी थोपविता येत नाही. तेथे घरातील दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाची किंवा बाहेरच्या मदतीची गरज असते.

मनाचेही तसेच. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास उगाच रडू येणे हे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपले तरी झोप येईना, कशातच रस वाटेना, आपण आई म्हणून नालायक आहोत असा विचार वारंवार येऊ लागला, तर तो केवळ शेऱ्यांचा परिणाम नसून प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. भारतातील अनेक पाहण्या एकत्र करून 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात जो अभ्यास आला, त्यात सुमारे 22 टक्के मातांत तो आढळला होता. तो उपचारांनी बरा होतो, आणि स्तनपान चालू ठेवून घेता येतील असे उपचार आहेत. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर मात्र एक दिवसही थांबू नये, आणि तिला एकटे सोडू नये. 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा 2022 पासून आहे व ती मराठीतही बोलते.

त्याचप्रमाणे ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ओटीपोटात वाढत जाणारी वेदना किंवा एकाच पोटरीस सूज यांपैकी काही असेल, तर “बाळंतपणात असं व्हायचंच” असे कोणी म्हटले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शेऱ्यांच्या गर्दीत अशी लक्षणे झाकली जातात, कारण सगळ्यांचे लक्ष आकाराकडे असते.

पाहुण्यांसाठी

हा लेख वाचणाऱ्यांपैकी बाळंतिणी थोड्या असतील. बाळंतीण पाहायला जाणारे मात्र आपण सर्वच आहोत, मुलगेही. म्हणून आशाताईंनी विचारलेला प्रश्नच मी पुढे ठेवते. तिच्याकडे पाहून काही बोलावेसे वाटलेच, तर ती आज काय जेवली आणि किती वेळ झोपली हे विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर तासभर बाळ सांभाळून तिला निजू द्यावे किंवा पुढच्या खेपेस टोपड्याऐवजी डबा न्यावा. बारीक झालीस हेही म्हणू नये. ते कौतुक म्हणून म्हटलेले असले, तरी त्यातून आपण तिचे अंग मोजून पाहिले एवढेच तिला कळते. आणि घरात गरोदर बहीण, वहिनी वा भावजय असेल, तर पोटाला किती आठवडे लागतात हा हिशेब बारशाच्या आधीच घरातल्या थोरल्या बायकांना वाचून दाखवावा. शेरा येण्यापूर्वी आकडे घरात असले, की नऊवारीची पट्टी फाडण्याची वेळ येत नाही.